थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटं: धमनी आवळते की बंद झाली आहे?

प्रश्न: आईचं वय 47, हर्णै बंदरावर मासळीचा धंदा करते. गेल्या दोन हिवाळ्यांपासून पहाटे बर्फात हात घातला की दोन्ही हातांची मधली बोटं पांढरीफटक पडतात, मग निळी-जांभळी होतात, बधिर होतात. अर्ध्या तासात लाल होऊन ठणकतात आणि पूर्ववत होतात. बीपीसाठी तीन वर्षं ॲटेनोलॉल चालू आहे. मिश्री लावते. डॉक्टर म्हणाले, "नस ब्लॉक असेल, अँजिओग्राफी करून घ्या." शेजारीपाजारी गँगरीनचं नाव घेतात. खरंच ब्लॉक असेल का? अँजिओग्राफी करावी का?

उत्तर:

अँजिओग्राफीची घाई करू नका. बोटं अर्ध्या तासात लाल होऊन पूर्ववत होतात, हे तुमचं एक वाक्यच पुष्कळ सांगून जातं. गुठळीने बंद झालेली धमनी बर्फातून हात काढला म्हणून उघडत नाही, ती आज बंद तशीच उद्याही बंद. जी आवळते आणि पुन्हा सैल होते ती आतून मोकळी असते. तेव्हा आईंच्या बोटांतल्या धमन्या आवळतात, तुंबलेल्या नाहीत, असं मी बऱ्याच खात्रीने म्हणेन. मात्र "नुसतं आवळतंय ना, मग सोडून द्या" असं म्हणणार नाही. हे सुरू झालं तेव्हा त्या 45 वर्षांच्या होत्या, आणि त्या वयात नव्याने सुरू होणाऱ्या या त्रासामागे काही कारण आहे का हे बघावंच लागतं. त्याकडे पुढे येतो.

या त्रासाला रेनॉ म्हणतात. मोरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. बोटांच्या कातडीतून शरीर उष्णता बाहेर सोडतं, आणि थंडी लागली की हाच रस्ता बंद करून ती आत राखतं. त्यामुळे गारठ्यात बोटांतल्या बारीक धमन्या सगळ्यांच्याच आकसतात. काहींच्या मात्र इतक्या आवळतात की रक्त आत येणंच थांबतं. तेव्हा बोट पांढरं पडतं, आणि तो पांढरेपणा बहुतेक वेळा एखाद्या पेरापाशी रेघ मारल्यासारखा तुटतो. मग थोडं रक्त आत झिरपतं पण पुढे सरकत नाही. त्यातला प्राणवायू संपला की रंग निळा होतो. शेवटी धमनी सैल पडते, रक्ताचा लोंढा येतो, बोट लालबुंद होऊन ठणकतं. प्रत्येकाला तिन्ही रंग दिसतीलच असं नाही. सावळ्या हातावर पांढरा रंग राखाडी दिसतो आणि निळा नुसता काळपट, म्हणून बोटाच्या पाठीकडे न बघता तळव्याची बाजू आणि नखं बघायची.

"कोकणात कसली आलीये एवढी थंडी?" हे मी रोज ऐकतो. आवळण्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, अंगाला अचानक जाणवणारा फरक पुरतो. डिसेंबर-जानेवारीत ज्या सकाळी बाटलीतलं खोबरेल थिजतं, त्या सकाळी घरात पारा पंचविसाच्या खाली उतरलेला असतो. दापोलीच्या बाजूला तर तो पहाटे बराच आणखी खाली जातो. त्यात जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटलेला, अंगात पातळ पोलकं, पदर ओला, आणि हात बर्फाच्या चुऱ्यात, म्हणजे शून्य अंशाला. वर कोळंबी सोलायची तर तेच गार पाणी तासभर बोटांवरून वाहतं. रेनॉसाठी यापेक्षा सोयीची जागा शोधूनही सापडायची नाही. जांभा कापणाऱ्या चिरेखाणीतल्या कामगारांनाही हाच त्रास होतो. तिथे कारण यंत्राच्या कंपनांचं असतं, पण बोटं तशीच पांढरी पडतात.

आता खरोखर बंद झालेली धमनी कशी वागते ते सांगतो. आपल्याकडे ती मुख्यतः दोन रूपांत समोर येते. पहिलं रूप अचानक येतं. हृदयात तयार झालेली गुठळी सुटून हाताच्या मोठ्या धमनीत अडकते. जुन्या संधिवाती तापाने झडप खराब झालेल्यांत किंवा ठोके अनियमित पडणाऱ्यांत हे घडतं. सगळा हात काही मिनिटांत थंडगार आणि फिका पडतो, सडकून दुखतो, मग बधिर होतो, बोटं हलेनाशी होतात आणि मनगटाची नाडी लागत नाही. गरम खोलीत बसवलं तरी काही बदलत नाही. दुसरं रूप हळूहळू येतं आणि तंबाखूवाल्यांत दिसतं. लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून तो बर्गरचा आजार. पस्तिशीचा खलाशी, दिवसाला दोन बंडलं बिडी, एकाच बोटाचं टोक महिनोन्‌महिने निळं, त्यावर न भरणारी जखम, रात्री दुखण्याने झोप नाही, चालताना तळपाय भरून येतात, असं ते चित्र. थंडीत त्याचंही दुखणं वाढतं, कारण अर्धवट तुंबलेली धमनीही आवळतेच. फसगत इथेच होते. थंडीत वाढतं म्हणून रेनॉ असं ठरवून मोकळं होता येत नाही. बघायचं असतं ते उबेत आल्यावर बोट पूर्ण सुधारतं का, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात ते निखळ नॉर्मल असतं का.

म्हणून पुढचा झटका आला की मोबाइलवर व्हिडिओ काढा. बोटं पांढरी कधी झाली आणि हात उबेत घेतल्यापासून मूळ रंग यायला किती मिनिटं लागली, ते घड्याळ लावून लिहा. आवळलेली धमनी उबेत बहुधा पंधरा-वीस मिनिटांत मोकळी होते. त्याच वेळी अंगठ्याच्या बाजूला मनगटाची नाडी बघा. रेनॉमध्ये बोटं पांढरीफटक असतानाही ही नाडी टणटणीत लागते, कारण आवळतात त्या पुढच्या बारीक धमन्या. मनगटाची धमनी सहसा त्या भानगडीत नसते. झटका यावा म्हणून मुद्दाम बर्फात हात घालायला मात्र लावू नका. बंदरावर ती वेळ तशीही येणारच आहे.

दवाखान्यात मी जी तपासणी करतो तिला दहा मिनिटं लागतात आणि यंत्र म्हणाल तर बीपीचं. दोन्ही हातांचं बीपी घ्यायचं. वरच्या आकड्यात वीसहून जास्त फरक सारखा येत राहिला तर बोटांकडे बघण्याआधी खांद्याच्या वर, छातीकडे बघायचं, कारण अडथळा तिकडे असू शकतो. मग ॲलनची चाचणी. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला लावतो, मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या माझ्या अंगठ्यांनी दाबून धरतो आणि मूठ तशीच काही वेळा उघड-मीट करायला सांगतो. तळवा फिका पडतो. आता हात सैल उघडायचा, बोटं फार ताणायची नाहीत, नाहीतर तळवा उगीचच फिका राहतो. मग करंगळीच्या बाजूचा अंगठा उचलतो. पाच-सात सेकंदांत तळवा गुलाबी झाला तर ती धमनी चालू आहे. पंधरा सेकंदांनीही फिकाच राहिला तर ती बंद आहे किंवा अपुरी आहे. हेच पुन्हा अंगठ्याच्या बाजूने. एडगर ॲलन यांनी 1929 मध्ये ही चाचणी सांगितली ती मुळात बर्गरच्या आजारासाठीच. आज ती भूलतज्ज्ञांच्या हातात जास्त दिसते, पण तालुक्याच्या ठिकाणी अजूनही तिच्याइतकं स्वस्त आणि उपयोगी दुसरं काही नाही.

नाडी लागली म्हणजे सुटलो, असं समजायची चूक मी स्वतः केली आहे. बरीच वर्षं झाली, राजापूरकडची बावीस वर्षांची मुलगी होती. थंडीत उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पांढरं पडायचं. नाडी उत्तम, बीपी ठीक, वय तरुण. मी रेनॉ लिहून धमन्या सैल करणारं निफेडिपिन सुरू केलं. पुढच्या हिवाळ्यात ती आली तेव्हा तर्जनीच्या टोकाला मोहरीएवढा काळा ठिपका होता आणि तो दुखत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गेल्या वर्षभरात हिचा डावा हात एकदाही पांढरा पडला नव्हता. गळपट्टीच्या हाडावर बोटं ठेवली तर एक टणक उंचवटा लागला आणि त्यावर धमनी जरा जास्तच उडत होती. एक्स-रेमध्ये मानेची जादा बरगडी दिसली. पुष्कळांना ती असते आणि जन्मभर कळतही नाही, पण हिच्यात धमनी त्या बरगडीवर घासून फुगली होती. त्या फुगवट्यात साचलेल्या रक्ताच्या बारीक कण्या सुटून बोटांच्या टोकांना जाऊन बसत होत्या. मोठी धमनी वाहती, म्हणून नाडी छान, आणि बोटातली मात्र एकेक बंद होत चाललेली. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होऊन बरगडी काढली, धमनीचा फुगलेला भाग बदलला. बोट वाचलं, टोकाला खड्डा राहिला. त्या दिवसापासून एकाच हाताचं रेनॉ आलं की मी ते रेनॉ मानत नाही. खांद्यापासून खाली सगळी धमनी तपासून झाली की मगच तो शब्द लिहितो.

तुमच्या आईंचे दोन्ही हात सारखे आहेत आणि बोटांवर जखमेचा उल्लेख नाही, म्हणून मी त्या बाजूने निश्चिंत आहे. तरी एकदा उजेडात बोटांची टोकं नीट बघा. टाचणीने टोचल्यासारखे खड्डे, सुकलेले काळे ठिपके, बरी न होणारी चीर, यातलं काही दिसलं तर माझं वरचं म्हणणं बाजूला ठेवा आणि लवकर दाखवा. मासळीच्या धंद्यात काट्याच्या जखमा नेहमीच्याच, त्यामुळे बाया त्याकडे लक्ष देत नाहीत. काट्याची जखम आठवड्यात सुकते. महिनाभर राहिली तर ती काट्याची नाही.

आता वयाचा मुद्दा. साधं, कशाशी संबंध नसलेलं रेनॉ बहुधा पंधरा ते तीसच्या दरम्यान सुरू होतं. चाळिशीनंतर पहिल्यांदा दिसलं तर त्यामागे औषध, थायरॉईड किंवा स्क्लेरोडर्मासारखा आजार आहे का ते शोधायचं. स्क्लेरोडर्मात कातडी हळूहळू ताठर होते, आणि बोटं पांढरी पडणं हे त्याचं पहिलं लक्षण असू शकतं, इतर काही दिसायच्या कित्येक वर्षं आधी. घरी विचारण्यासारखं एवढंच: बोटं सुजून अंगठी घट्ट झाली आहे का, बोटांवरची कातडी चिमटीत धरता येते का, जेवताना घास छातीत अडकल्यासारखा वाटतो का, चढण चढताना पूर्वीपेक्षा धाप लागते का.

दवाखान्यात याची एक सुंदर तपासणी आहे. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी नखाला भिडते, तिथे तेलाचा थेंब टाकायचा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे असतं त्या डर्मोस्कोपने बघायचं. निरोगी माणसात केसांच्या पिनांसारखे बारीक लाल वेढे ओळीने उभे दिसतात. स्क्लेरोडर्मात काही वेढे फुगून मोठे झालेले, मध्येच रक्ताचे ठिपके, आणि काही ठिकाणी वेढेच नाहीत, ओसाड पट्टा. पिना सरळ ओळीत असतील आणि शरीराच्या स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिपिंडांची एएनए ही रक्ततपासणी निगेटिव्ह असेल, तर पुढे असा आजार निघण्याची शक्यता फारच कमी. अँजिओग्राफीच्या आधी या दोन गोष्टी, शिवाय हिमोग्राम, ईएसआर आणि थायरॉईडसाठी टीएसएच, एवढं करून घ्या. सगळं मिळून खर्चही अँजिओग्राफीच्या आसपास जात नाही.

आणि औषध? तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत रस वाटलेली गोष्ट म्हणजे ॲटेनोलॉल. हा बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावून बीपी उतरवणारं औषध. या गटातल्या गोळ्यांनी हातपाय गार पडतात आणि रेनॉ असेल तर वाढतं, कधी नव्याने सुरूही होतं. गोळी तीन वर्षांची, त्रास दोन हिवाळ्यांचा. हा नुसता योगायोगही असू शकतो, पण गोळी बदलून बघितल्याशिवाय ते कळणार नाही. बीपीसाठी अम्लोडिपिन दिलं तर ते बीपीही उतरवतं आणि बोटांच्या धमन्याही सैल करतं. रेनॉसाठी आम्ही निफेडिपिनचं जे औषध देतो, त्याच घराण्यातलं हे. मात्र ॲटेनोलॉल तुम्ही घरी, मनाने, एकदम बंद करायचं नाही. अचानक तोडलं तर ठोके आणि बीपी उसळतं, हृदयाचा आजार असेल तर छातीत दुखूही शकतं. ते का सुरू केलं होतं हे डॉक्टरांना विचारा. नुसत्या बीपीसाठी असेल तर एक-दोन आठवड्यांत मात्रा उतरवत बदलता येतं. ठोक्यांसाठी किंवा हृदयासाठी असेल तर हिशोब वेगळा, तो त्यांनीच करायचा. सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या आणि अर्धशिशीवरची अर्गोटची गोळीही धमन्या आवळतात. त्या अधूनमधून घेत असतील तर तेही सांगा.

मिश्रीबद्दल बायांशी बोलताना मी आता "तंबाखू खाता का?" असं विचारत नाही. उत्तर "छे!" येतं, आणि ते खोटंही नसतं, कारण मिश्री त्यांच्या लेखी दातांचं औषध आहे. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखूच, आणि हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं. पहाटे बंदरावर निघण्याआधी मिश्री लावायची, तासाभरात बर्फात हात घालायचे, म्हणजे दोन्हींचा मार एकाच वेळी बसतो. एकदम सुटली नाही तरी निदान सकाळची वेळ आधी तोडायला सांगा.

कामावर हातमोजे घालायचे ते दोन थरांत: आत सुती, वर रबरी, आणि आतला ओला झाला की बदलायचा. ओला मोजा नसण्यापेक्षा वाईट. बर्फ हाताने उपसण्याऐवजी फावडी किंवा तसराळं वापरावं. आणि नुसते हात झाकून भागत नाही. अंग गार पडलं तरी बोटं आवळतात, म्हणून आत बनियनसारखा स्वेटर आणि कानाला रुमाल हवा. झटका आला की हात काखेत धरायचे किंवा कोमट पाण्यात, कोपराने चाचपून बघितलेल्या. बधिर बोटांना चटका कळत नाही. चुलीवरच्या कढत पाण्यात हात बुडवून फोड उठलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या फोडांना मग घरचे लोक गँगरीन समजतात.

अँजिओग्राफीची वेळ कधी येते, तेही सांगून ठेवतो. नाडी कमी लागली, ॲलनच्या चाचणीत तळवा फिका राहिला, दोन हातांच्या बीपीत फरक आला किंवा बोटाच्या टोकाला जखम दिसली, तर आधी धमन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. तो बाहेरून जेली लावून होतो, सुई टोचावी लागत नाही. त्यात अडथळा दिसला आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर अँजिओग्राफी. आवळणाऱ्या बारीक धमन्यांसाठी ती केली तर बहुधा हाती काही लागत नाही, शिवाय सुई आणि रंगद्रव्यानेच धमनी आणखी आवळू शकते.

याला अपवाद एकच: एखाद्या दिवशी एक हात अचानक पांढरा पडला, फार दुखला, नाडी लागेना, बोटं हलेनात, तर वाट बघत बसू नका. शेक नाही, चोळणं नाही. गुठळी काढायला साधारण सहा तास हातात असतात आणि दापोलीहून निघून योग्य जागी पोहोचण्यातच त्यातले दोन-तीन जातात. म्हणून गाडीत बसतानाच चिपळूण किंवा रत्नागिरीला फोन करून रक्तवाहिन्यांचे सर्जन त्या दिवशी कुठे आहेत ते विचारून घ्यायचं.

डॉक्टरांकडे जाताना झटक्याचा व्हिडिओ, ॲटेनोलॉलची पट्टी आणि मिश्रीची डबी तिन्ही घेऊन जा. अम्लोडिपिन सुरू झाल्यावर पावलं सुजली तर घाबरू नका, त्या गोळीने ती सुजतात. पण ते कळवा, मात्रा कमी करता येते.